दुसरा 'हॅलो' आला की समजा, तुमची ओ अजून पोचलेली नाही

'चॅट हेल्पलाईनवर रात्रपाळी करायला लागून मला तीन महिने झाले. आठवड्यातून दोन-तीनदा कोणीतरी येतं, 'हॅलो' लिहितं. मी उत्तर देतो. पुन्हा 'हॅलो'. पुन्हा 'हॅलो'. मग निघून जातं. बरोबरचे म्हणतात टाइमपास असतो, सोडून दे. मला तसं वाटत नाही, पण काय उत्तर द्यावं तेही सुचत नाही.'

तुम्हाला तसं वाटत नाही ते बरोबर आहे. मी चौदा वर्षं हे काम करते आहे, आधी फोनवर आणि नंतर चॅटवर, आणि आता नव्या लोकांना शिकवते. शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीवर घालवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या भाषेत यासाठी एक नेमकी जोडी आहे: हाक आणि ओ. अंगणातून कोणी हाक मारली की घरातून ओ येते. ओ आली की हाक थांबते. ओ आली नाही तर हाक पुन्हा येते, थोड्या वरच्या आवाजात. म्हणजे पुन्हा आलेली हाक एवढंच सांगते की पहिल्या हाकेला ओ मिळालेली नाही. तुम्ही उत्तर पाठवलं होतं हे खरं, पण समोरच्याने ते ओ म्हणून धरलेलं नाही. दुसरा 'हॅलो' दिसला की 'हा माणूस असं का करतोय' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि 'माझ्या उत्तरात काय कमी पडलं' हे बघा.

हे नुसतं माझं मत नाही. इमॅन्युएल शेग्लॉफ नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पोलिसांच्या सुमारे 500 फोनच्या फक्त सुरुवाती तपासल्या आणि 1968 साली त्यावर लेख लिहिला. फोन उचलणारा आधी बोलतो, हा नियम त्याला सगळीकडे दिसला, फक्त एक फोन सोडून. त्या फोनमध्ये पोलिसाने नंबर फिरवला, पलीकडे रिसीव्हर उचलला गेला, पण एक सेकंद कोणीच बोललं नाही. तेव्हा फोन करणारा पोलीसच 'हॅलो' म्हणाला. त्या एका फोनसाठी शेग्लॉफने आपला नियम नव्याने मांडला. फोनची घंटा ही हाक आहे. रिसीव्हर उचलला म्हणजे ओ दिली असं होत नाही, त्यासाठी माणसाचा आवाज यावा लागतो. तो आला नाही म्हणून पोलिसाने 'हॅलो' म्हणून घंटाच पुन्हा वाजवली.

'हॅलो' हा शब्द टेलिफोनवर आला तोही घंटेच्याच जागी. एडिसनने ऑगस्ट 1877 मध्ये एका पत्रात लिहिलं होतं की घंटेची गरज पडणार नाही, 'हॅलो' ही हाक दहा-वीस फुटांवरून ऐकू येते.

आता तुमच्या चॅटकडे बघा. माणूस 'हॅलो' लिहितो. एका सेकंदात पडद्यावर येतं: 'नमस्कार, आमच्या सेवेत आपले स्वागत आहे. आपले संभाषण गोपनीय ठेवले जाईल. कृपया प्रतीक्षा करा.' हा संदेश म्हणजे नुसता उचललेला रिसीव्हर. त्यात आवाज नाही. म्हणून तो पुन्हा 'हॅलो' लिहितो. आता तुम्ही येता आणि लिहिता: 'नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?' बँकेच्या चॅटवर, गॅस बुकिंगवर, कुरिअरच्या ॲपवर त्याने हेच वाक्य शंभरदा वाचलेलं असतं, आणि तिथे ते मशीनच लिहितं. मग तुमचं वाक्य माणसाने लिहिलंय हे त्याने ओळखायचं कशावरून? तो तिसऱ्यांदा घंटा वाजवतो. तिसऱ्यांदाही तसंच काही आलं की निघून जातो. त्याच्या लेखी घरात कोणीच नव्हतं.

म्हणून पहिल्या उत्तराचं काम एकच, घरात माणूस आहे हे दिसू देणं. मी साधारण असं लिहिते: 'हो, आहे मी. मी मीरा. तुमचे दोन्ही हॅलो पोचले.' मीरा हे माझं हेल्पलाईनवरचं नाव. 'दोन्ही' हा शब्द मी मुद्दाम घालते, कारण तयार मजकुराला हॅलो किती आले ते मोजता येत नाही. कोणीतरी बघितलं, मोजलं, हे त्या एका शब्दातून कळतं. त्याने 'कोणी आहे का' लिहिलं असेल तर माझं उत्तर 'हो, आहे' असंच सुरू होतं. प्रश्नाच्याच शब्दांत दिलेलं उत्तर लगेच पोचतं.

लिपीकडेही लक्ष द्या. तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत असेल तर तुम्हीही तसंच लिहा. त्याने घाईत, अर्धेमुर्धे शब्द लिहिले आणि तुम्ही शुद्ध देवनागरीत 'आपण निःसंकोचपणे व्यक्त होऊ शकता' असं लिहिलंत तर ते परिपत्रकासारखं दिसतं. त्याने 'तुम्ही' म्हटलं तर तुम्हीही 'तुम्ही'च ठेवा. 'आपण' नको, आणि समोर लहान मुलगा किंवा मुलगी आहे असं वाटलं तरी विचारल्याशिवाय 'तू'वर येऊ नका. हे पहिलं उत्तर अर्ध्या मिनिटाच्या आत जायला हवं. दोन रिकामे हॅलो पाठवून बसलेल्या माणसाला एक मिनिट फार मोठं असतं. मीरा, राजू, जे काही तुमचं नाव असेल ते घालून एक ओळ मनात तयार ठेवा, पण कॉपी-पेस्ट करू नका. दर वेळी हाताने लिहा. तयार ओळीत 'दोन्ही' आणि 'तिन्ही' यांची चूक होते, आणि ती चूक झाली की सगळं वाया जातं.

आता शेग्लॉफच्या लेखातली दुसरी गोष्ट. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. ओ देणं ही जशी ऐकणाऱ्याची जबाबदारी, तशी ओ मिळाल्यावर पुढे बोलणं ही हाक मारणाऱ्याची जबाबदारी. हाक मारली, घरातून 'ओ, काय गं?' आलं आणि आपण गप्प उभे राहिलो, असं चालत नाही. आता पाळी आपली असते. हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो, म्हणून ते चटकन अंगावर येतं.

रात्री बारा वाजता हेल्पलाईनवर आलेल्या माणसाची अडचण तीच असते. कोणी आहे का, हे त्याला खरोखर बघायचं होतं. तुम्ही आहात हे कळलं आणि त्याच क्षणी त्याच्यावर बोलायची पाळी आली. त्याच्याकडे अजून वाक्य नाही. काय झालंय ते त्याने कोणालाच सांगितलेलं नाही, कधी कधी स्वतःलाही नाही. मग हाताशी असलेलं एकच वाक्य तो पुन्हा पाठवतो. म्हणून चांगलं, माणसाचं वाटेल असं उत्तर देऊनही तिसरा 'हॅलो' येतो. या तिसऱ्या हॅलोचा अर्थ दुसऱ्यापेक्षा वेगळा असतो. दुसरा विचारतो, 'कोणी आहे का?' तिसरा विचारतो, 'मी काही बोललो नाही तरी राहाल का?'

याचं उत्तर म्हणजे त्याच्यावरची पाळी काढून घेणं. 'मी काय मदत करू शकतो', 'काय झालं', 'मोकळेपणाने सांगा', ही सगळी वाक्यं पाळी त्याच्याकडे ढकलतात, म्हणून ती मी सुरुवातीला वापरत नाही. मी लिहिते, 'आहे. लगेच काही लिहायलाच पाहिजे असं नाही.' आणि थांबते.

थांबणं म्हणजे काय ते नीट सांगते, कारण नवे लोक इथेच चुकतात. त्यांना शांतता सोसत नाही. वीस सेकंद गेले की ते 'तुम्ही आहात का?' लिहितात. म्हणजे आता तेच हॅलो पाठवायला लागले. समोरचा लिहीत असेल तर 'टाइप करत आहे' ही खूण दिसते, जाते, पुन्हा दिसते. ती दिसत असताना एक अक्षरही पाठवू नका. त्याने अर्धं वाक्य लिहिलेलं असतं, मध्येच तुमचा संदेश येऊन पडतो, आणि तो लिहिलेलं पुसून तुमच्या संदेशाला उत्तर द्यायला लागतो. ती खूण येऊन गेली आणि काहीच आलं नाही, तर त्याने लिहून पुसलं असं समजा. त्यावर 'काहीतरी लिहीत होतात ना?' असं मात्र विचारू नका. पाहिलं जातंय हे कळलं की माणूस दचकतो.

माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे. 'लगेच लिहायला पाहिजे असं नाही' हे पाठवल्यावर तीन-चार मिनिटं मी काही पाठवत नाही. मग एक छोटी ओळ, 'मी आहे.' त्यानंतर पुन्हा पाचेक मिनिटं. यात घड्याळाचा धाक नाही, पण घड्याळ बघा, कारण आपल्याला दोन मिनिटं झाली असं वाटतं तेव्हा खरी पस्तीस सेकंदं झालेली असतात.

मधल्या एखाद्या ओळीत मी त्याला एका आकड्यात उत्तर देता येईल असा प्रश्न देते. तो त्रासाबद्दल नसतो, लिहिण्याच्या सोयीबद्दल असतो: 'आत्ता लिहायला सोयीचं आहे का? हो असेल तर 1. आसपास कोणी असेल तर 2. नुसतं थांबायचं असेल तर 3.' काही ठिकाणी याच्याऐवजी 'घरचा त्रास असेल तर 1, अभ्यासाचा ताण असेल तर 2' अशी यादी पाठवतात. ती पुन्हा गॅस बुकिंगसारखी वाटते, आणि आपला त्रास कोणत्या खणात टाकायचा हे ठरवायचं काम त्याच्यावरच येतं. माझ्या प्रश्नात तिसरा पर्याय सगळ्यात महत्त्वाचा. 'नुसतं थांबायचं' हा पर्याय आपण होऊन दिला तर ते मागायची लाज त्याला वाटत नाही.

एक संवाद सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन वेगळ्या रात्री एकत्र केल्या आहेत. वेळा मात्र जवळपास तशाच ठेवल्या आहेत, कारण वेळाच बघण्यासारख्या आहेत.

11:48 ला 'हॅलो' आला. त्यावर आमचा स्वयंचलित संदेश गेला. 11:49 ला दुसरा 'हॅलो'. मी लिहिलं, 'हो, आहे मी. मी मीरा. तुमचे दोन्ही हॅलो पोचले.' 11:50 ला तिसरा. मी लिहिलं, 'आहे. लगेच काही लिहायलाच पाहिजे असं नाही.' टाइप करत असल्याची खूण बराच वेळ दिसली, गेली, पुन्हा दिसली. 11:52 ला आलं, 'मशीन नाही कशावरून'.

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण आता परीक्षा उघडपणे घेतली जाते आहे. इथे 'मी प्रशिक्षित स्वयंसेवक आहे' असं लिहू नका, ते मशीनही लिहील. मी लिहिलं, 'विचारा काहीही. आत्ता खिडकीबाहेर पाऊस लागलाय आणि माझा चहा गार झालाय.' आपण कुठे बसतो, हे सांगायचं नसतं. पण त्या क्षणाचा एखादा साधा तपशील खरा सांगितला तर चालतो. खोटा मात्र सांगू नका. पाऊस नसताना पाऊस आहे म्हणालात आणि समोरचा त्याच शहरातला निघाला तर पुढे तुमचं काहीच खरं वाटणार नाही. उत्तर आलं, 'इकडे पण पाऊस'. माझ्या दृष्टीने ओ तेव्हा पोचली. 11:53 झाले होते.

मग शांतता. 11:57 ला मी 1, 2, 3 वाला प्रश्न पाठवला. एक आकडा आला, 3. मी लिहिलं, 'बरं. थांबूया.' सात मिनिटं काही नाही. 12:04 ला पुन्हा 'हॅलो'. मी एकच शब्द लिहिला, 'आहे.' त्या क्षणी 'बोला' लिहायचा मोह फार होतो. 'बोला' म्हटलं की पाळी पुन्हा त्याच्यावर गेली. 12:09 ला आलं, 'परत नापास झालो. घरी माहीत नाही. पास झालो सांगितलंय.'

पहिल्या हॅलोपासून या वाक्यापर्यंत एकवीस मिनिटं लागली आणि त्यात मी सहा ओळी लिहिल्या, एकही लांब नाही. तो कोण, कुठला, काय शिकतो, मला काही माहीत नव्हतं. तेव्हाही मी परीक्षेबद्दल विचारलं नाही. लिहिलं, 'म्हणजे हे इतके दिवस एकट्यानेच धरून बसलात.' उत्तर आलं, 'दीड महिना'. मग मी सरळ विचारलं, 'एवढं एकट्याने सोसताना कधी जीव द्यावासा वाटतो का?' त्याने लिहिलं, 'आज दुपारी वाटलं.'

हा प्रश्न विचारायला नवे लोक घाबरतात. आपण विचारलं तर त्याच्या डोक्यात ते येईल, अशी भीती असते. या विषयावरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. विचारल्याने विचार वाढत नाहीत, उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. प्रश्न मात्र सरळ शब्दांत हवा. 'काही चुकीचा विचार तर करत नाही ना?' असं विचारलं की 'नाही' हे उत्तर आपणच त्याच्या तोंडात घालतो, आणि मनात आलं ते चूक, असंही सांगून टाकतो.

पुढचा भाग तुम्हाला प्रशिक्षणात शिकवलेला आहे, म्हणून थोडक्यात. आत्ता एकटा आहे का, आत्ता काही करायचा विचार आहे का, हाताशी काही आहे का. खोलीत मित्र झोपलेला होता. त्याला उठवायला तो तयार झाला, आणि मित्र उठेपर्यंत मी चॅटवर थांबले. त्याला 14416 हा टेलिमानसचा नंबर दिला. ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास मोफत फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं. धोका त्याच क्षणी असता तर 112 चा मार्ग घ्यावा लागला असता, आणि अशा वेळी तुमच्या पाळीवरच्या वरिष्ठांना लगेच जोडून घ्यायचं, एकट्याने निर्णय घ्यायचा नाही.

या संवादात मी पहिल्या पाच मिनिटांत 'आपण काही सांगितले नाही तर संभाषण बंद करावे लागेल' असं लिहिलं असतं तर तो गेला असता, आणि तुमच्या बरोबरच्यांच्या नोंदीत तो टाइमपास म्हणून लिहिला गेला असता.

तरीही प्रत्येक हॅलोमागे असंच काही असतं असं नाही. नेटवर्क खराब असलं की तुमचं उत्तर दिसतच नाही आणि माणूस खरोखर आंधळेपणाने हॅलो पाठवत राहतो. त्याची खूण सोपी आहे. हॅलो ठरावीक अंतराने येतात आणि तुम्ही काहीही लिहिलं तरी त्यात फरक पडत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये संदेश 'पोचला' आणि 'वाचला' हे वेगळं दिसत असेल तर आधी ते बघा. पोचतच नसेल तर लांब वाक्यं लिहून उपयोग नाही. 'तुमचे संदेश दिसत आहेत' एवढी एक ओळ मध्ये मध्ये पाठवत राहा, लाईन सुधारली की तीच आधी दिसेल.

काही जण खरंच त्रास द्यायला येतात, विशेषतः स्वयंसेवक बाई आहे असं नावावरून कळल्यावर. हे दोन-तीन ओळींतच उघडं पडतं. ते हॅलोवर थांबत नाहीत, लगेच तुमच्याबद्दल विचारू लागतात: वय काय, एकटी आहेस का, फोटो पाठव. त्यांच्याबाबतीत हद्द एकदा सांगा, 'इथे मी तुमच्याबद्दल बोलायला आहे, माझ्याबद्दल नाही.' पुन्हा तसंच झालं तर बंद करा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण हे लोक माझ्या अनुभवात वेगळे असतात. नुसते हॅलो पाठवून गप्प बसणारा बहुतेक वेळा त्यांच्यातला नसतो. दोघांना एका नावाखाली टाकलं की पहिल्याचा राग दुसऱ्यावर निघतो.

तिसरा प्रकार धोक्याचा आहे आणि तो फारसं कोणी शिकवत नाही. एखादी बाई दोन दिवसांपूर्वी येऊन घरातल्या मारहाणीबद्दल बोललेली असते. आज त्याच नंबरवरून 'हॅलो' येतो. पुन्हा 'हॅलो'. 'कोण आहे'. आपल्याला जुना संवाद दिसत असतो, काळजी वाटत असते, आणि हात शिवशिवतात: 'ताई, कशा आहात? परवाच्या नंतर काही झालं का?' हे लिहू नका. फोन तिच्याच हातात आहे हे तुम्हाला माहीत नाही. नवऱ्याने किंवा सासरच्या कोणी फोनमध्ये हा नंबर पाहिला असेल आणि ही जागा काय आहे ते तो तपासत असेल. इथे मी प्रत्येकाला देते तीच ओ देते, जणू हा नंबर पहिल्यांदा आला आहे. जुन्या बोलण्याचा एक शब्दही नाही, 'पुन्हा आलात' एवढासुद्धा नाही. ती स्वतः असेल तर ती स्वतः धागा पकडेल. पहिल्याच संवादात एखादा साधा सांकेतिक शब्द ठरवून घेतला असेल तर काम सोपं होतं. आमच्याकडे असे शब्द रोजच्या घरगुती बोलण्यातले ठेवतात, म्हणजे कोणी वाचलं तरी शंका येत नाही. आणि अशा नंबरावर आपण होऊन नंतर संदेश पाठवायचा नाही, काळजी कितीही वाटली तरी.

समोर लहान मूल असेल तर हॅलोंची संख्या आणखी वाढते. मुलं परीक्षा जास्त घेतात. खोटं नाव सांगतील, हसण्याच्या खुणा पाठवतील, 'सहज केला' म्हणतील, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा येतील. त्यांना चिडून उत्तर मिळतं का, हे बघायचं असतं. तिथे दर वेळी तीच ओ, त्याच सुरात, एवढंच करायचं. मूल बोलायला लागलं आणि लैंगिक अत्याचाराबद्दल काही कळलं तर पोक्सो कायद्यानुसार ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. म्हणून 'कोणालाही सांगणार नाही' असं वचन सुरुवातीला घाईने देऊ नका. 'इथलं बोलणं मी उगाच कोणाला सांगत नाही, पण तुला धोका असेल तर मदत आणावी लागते, आणि ते तुला सांगूनच करेन' असं म्हणा. मुलांसाठीचा 1098 हा नंबर हाताशी असू द्या.

आता बंद कसं करायचं. काही वेळा तुम्ही सगळं नीट केलं तरी माणूस काही लिहीत नाही. तुमच्याकडे दुसरे लोक वाट बघत असतात, कायम थांबता येत नाही, आणि तसं खोटं सांगायचंही नाही. मी साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी लिहिते, 'मी अजून पाच मिनिटं इथे आहे. मग ही खिडकी बंद होईल, पण तुम्ही परत हॅलो केलात की इथे कोणीतरी असेल. आज काही सांगितलं नाहीत तरी चालेल.' पाच मिनिटं म्हटली की पाच मिनिटंच थांबा, तीन नाही. बरेच जण या पाच मिनिटांत पहिलं वाक्य लिहितात. मला वाटतं, याला शेवट आहे हे कळल्यावर त्यांना सुरुवात करायला सोपं जातं. पुढच्या वेळी पाळीवर कोण असेल ते खात्रीने माहीत असेल तरच सांगा. 'उद्याही मीच असेन' असं म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली तर परीक्षेत आपण नापास.

फोनवर हेच सगळं थोडं वेगळं होतं, कारण तिथे श्वास ऐकू येतो. फोनवर 'हॅलो, हॅलो' म्हणून गप्प झालेल्या माणसाला मी माझा आवाज देत राहते, दर थोड्या वेळाने दोन-तीन शब्द, कारण फोनवरची शांतता तुटलेल्या लाईनसारखी वाटते. चॅटवर मात्र आधीची ओळ पडद्यावर दिसत राहते. तिथे कमी लिहिलेलं चालतं.

शेवटी नोंदीबद्दल, कारण तुमच्या बरोबरच्यांचं 'टाइमपास' तिथूनच येतं. मी एका ठिकाणी काम करत होते तिथे अशा सगळ्या संवादांना 'रिकामा' असा एकच शिक्का होता. एक नंबर नऊ वेळा आला होता, नऊही वेळा रिकामा. दहाव्या वेळी ज्याच्यासमोर तो आला त्याने आधीचे शिक्के बघून तयार संदेश टाकला आणि बंद केला. मी नंतर मागचे नऊ उघडून पाहिले. पहिल्यात एक हॅलो होता, चौथ्यात चार, सातव्यात 'कोणी आहे का', नवव्यात 'बाई आहे का कोणी बोलायला'. तो माणूस दर वेळी एक पायरी पुढे येत होता आणि आमच्या नोंदीत ते कुठेच दिसत नव्हतं. तो नंबर अकराव्यांदा आला नाही.

त्यानंतर मी शिक्का वापरणं सोडलं. मी एक ओळ लिहिते, आणि तुम्हीही आजच्या पाळीपासून तेवढं करून बघा: 'तिसऱ्यांदा आले. 5 हॅलो, 24 मिनिटं थांबले, पर्याय 3 निवडला. घाई करू नये, आधी नुसतं आहे म्हणावं.'